ओळींचा क्रम आणि डर्बिन-वॉटसन: एका पंपाच्या वीजवापराचे प्रकरण

पाणी उपसणाऱ्या एका पंपाचे हे प्रकरण आहे. पंप दर आठवड्याला जितके पाणी पुढे ढकलतो, त्यावरून त्या आठवड्यात किती वीज लागेल याचा अंदाज बांधायचा होता, आणि त्यासाठी २१ आठवड्यांच्या नोंदी हाताशी होत्या. एका बाजूला शंभर घनमीटरमध्ये मोजलेले पाणी, दुसऱ्या बाजूला मीटरवरचे युनिट. साधे, एका चलाचे रिग्रेशन पुरेसे वाटावे अशीच ही परिस्थिती. वाचकाला प्रत्येक पायरी कागदावर पडताळता यावी म्हणून येथे आकडे मुद्दाम लहान आणि पूर्णांकांत बांधून घेतले आहेत. खऱ्या मीटरच्या नोंदींत यापेक्षा बराच अधिक गोंगाट असतो, हे शेवटचे निकाल वाचताना लक्षात ठेवावे.

विश्लेषकाने रेषा बसवली ती अशी: वीज = २० + ६ × पाणी. उताराची प्रमाण त्रुटी ०.२३ आली, आर-वर्ग ०.९७ आला, आणि अवशेषांचे, म्हणजे प्रत्यक्ष वीज आणि रेषेचा अंदाज यांतल्या फरकांचे, प्रमाण विचलन ६.३ युनिट निघाले. सॉफ्टवेअरने निकालाच्या तळाशी डर्बिन-वॉटसनचा आकडाही छापला होता, २.३६. हा आकडा २ च्या आसपास असला की लगतच्या अवशेषांत स्वसहसंबंध, म्हणजेच ऑटोकोरिलेशन, नाही असे मानण्याचा प्रघात आहे. त्यामुळे अहवालात ‘अवशेष परस्परांपासून स्वतंत्र आहेत’ असे एक वाक्य लिहून पुढचे काम सुरू झाले.

ते वाक्य चूक होते. बेरीज-वजाबाकी किंवा सूत्र यांत कोठेही चूक नव्हती. चूक होती ओळींच्या क्रमात. पाणी आणि वीज यांचा आलेख नीट काढता यावा म्हणून विश्लेषकाने तक्ता पाण्याच्या स्तंभावर चढत्या क्रमाने लावला होता आणि तो तसाच रिग्रेशनला दिला होता. तक्त्याच्या पहिल्या पाच ओळी आठवडा ५, ८, ६, १४ आणि १० यांच्या होत्या. उतार, स्थिर पद, प्रमाण त्रुटी, आर-वर्ग यांपैकी कशालाही ओळींच्या क्रमाशी देणेघेणे नसते. ओळी कशाही पिसल्या तरी हे सारे आकडे जसेच्या तसे येतात, आणि म्हणूनच ही चूक निकालाच्या पानावर डोळ्यांना दिसत नाही. क्रमावर अवलंबून असणारा त्या पानावरचा एकच आकडा म्हणजे डर्बिन-वॉटसन.

काळाच्या क्रमाने लावलेल्या नोंदी आणि त्याच रेषेचे अवशेष असे आहेत:

| आठवडा | पाणी | वीज | अवशेष |
|---|---|---|---|
| १ | ४३ | २६९ | −९ |
| २ | ३७ | २३६ | −६ |
| ३ | ४४ | २८० | −४ |
| ४ | ३६ | २३७ | १ |
| ५ | ३० | २०३ | ३ |
| ६ | ३२ | २१८ | ६ |
| ७ | ४५ | २९९ | ९ |
| ८ | ३१ | १९८ | −८ |
| ९ | ४७ | २९५ | −७ |
| १० | ३४ | २२१ | −३ |
| ११ | ३९ | २५४ | ० |
| १२ | ४६ | ३०० | ४ |
| १३ | ४८ | ३१३ | ५ |
| १४ | ३३ | २२७ | ९ |
| १५ | ३५ | २२१ | −९ |
| १६ | ४० | २५५ | −५ |
| १७ | ५० | ३१७ | −३ |
| १८ | ४२ | २७१ | −१ |
| १९ | ४९ | ३१६ | २ |
| २० | ४१ | २७३ | ७ |
| २१ | ३८ | २५७ | ९ |

वीजवापराचे आकडे नुसते वाचत गेले तर काहीच सुचत नाही, कारण पाण्यातले चढउतार इतके मोठे आहेत की त्यांच्याखाली बाकी सारे दडून जाते. अवशेषांचा स्तंभ मात्र वरून खाली वाचताच बोलू लागतो.

आलेखात काय दिसते

या तपासणीसाठी आडव्या अक्षावर आठवड्याचा क्रमांक आणि उभ्या अक्षावर अवशेष घ्यावा, शून्याची आडवी रेषा ठळक आखावी आणि लगतचे बिंदू रेघेने जोडावेत. बिंदू जोडण्याची ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण नुसत्या विखुरलेल्या बिंदूंत कोणता बिंदू कोणामागून आला हे डोळा शोधत बसतो, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी तीच माहिती. पुष्कळ सॉफ्टवेअर अवशेषांचा जो आलेख आपणहून काढून देतात, त्यात आडव्या अक्षावर अंदाजित मूल्य असते. तो आलेख वक्रता किंवा बदलता फैलाव पाहण्यासाठी उपयोगी आहे, पण काळाचा मागमूस त्यात उरत नाही. या प्रकरणात तो आलेख निष्कलंक दिसतो, कारण पाण्याच्या क्रमाने पाहिल्यास अवशेष खरोखरच अस्ताव्यस्त आहेत.

काळाच्या आलेखात तीन तिरक्या चढणी दिसतात. प्रत्येक चढण सुमारे उणे ९ पासून सुरू होते, सात आठवडे जवळपास सरळ वर जाते, ९ ला पोचते आणि पुढच्याच आठवड्यात कड्यावरून खाली कोसळते. करवतीच्या दात्यांचा हा आकार आहे. चिन्हांचे सलग गट मोजले तरी तीच गोष्ट उमगते. शून्याचा एक अवशेष वगळल्यास १० अवशेष धन आणि १० ऋण आहेत. त्यांचा क्रम निव्वळ योगायोगाचा असता तर सरासरी ११ गट अपेक्षित होते. काळाच्या क्रमात ते फक्त ६ आहेत, तर पाण्याच्या क्रमात १४.

करवतीचा दाता हा फार बोलका आकार आहे. सावकाश वर-खाली होणारी लाट दिसली असती तर हवामान, मागणी, मोजमापातले हळूहळू सरकणे अशी पुष्कळ कारणे संभवली असती. पण एका वेगाने साचत जाणारे आणि मग एकदम रिकामे होणारे काहीतरी, असे म्हटल्यावर पंपाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला फार विचार करावा लागत नाही. पाणी गाळणीतून जात होते. गाळणी दिवसेंदिवस तुंबत होती, तेवढेच पाणी पुढे ढकलण्यासाठी पंपाला अधिक वेळ चालावे लागत होते, आणि गाळणी धुतली की ओझे एकदम उतरत होते. देखभालीच्या नोंदवहीत सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या आठवड्याच्या अखेरीस गाळणी धुतल्याची नोंद होती. ती वही रिग्रेशनच्या तक्त्याला कोणी जोडली नव्हती, इतकेच.

आकडा काय सांगतो

जेम्स डर्बिन आणि जेफ्री वॉटसन यांनी १९५० आणि १९५१ मध्ये मांडलेला हा संख्यामापक अवशेषांच्या लगतच्या फरकांवर उभा आहे:

```
DW = Σ (e[t] − e[t−1])² / Σ e[t]²
```

वरच्या बेरजेत दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचे फरक येतात, खालच्या बेरजेत सगळे अवशेष. लगतचे अवशेष एकमेकांसारखे असतील तर फरक लहान येतात आणि गुणोत्तर ० कडे झुकते; एकाआड एक चिन्ह बदलत असेल तर फरक मोठे होतात आणि ते ४ कडे जाते; लगतच्यांत काही संबंध नसेल तर ते २ च्या जवळपास राहते.

आपल्या अवशेषांच्या वर्गांची बेरीज ७५४ आहे. ओळी पाण्याच्या क्रमाने लावल्या तर फरकांच्या वर्गांची बेरीज १७७६ भरते आणि भागाकार २.३६ येतो, म्हणजे अहवालात होता तोच आकडा. ओळी काळाच्या क्रमाने लावल्या तर ती बेरीज ७९४ होते आणि भागाकार १.०५ येतो. अवशेष तेच २१, रेषा तीच. फक्त शेजारी बदलले.

आता १.०५ हा आकडा कशाशी ताडायचा? या संख्यामापकाचे नेमके वितरण स्वतंत्र चलाच्या मूल्यांवर अवलंबून असते, म्हणून डर्बिन आणि वॉटसन यांनी सर्व प्रसंगांना पुरेल अशी खालची आणि वरची सीमा दिली. २१ नोंदी आणि एक स्वतंत्र चल असताना, ५ टक्क्यांच्या पातळीवर, खालची सीमा १.२२ आणि वरची १.४२ आहे. आकडा खालच्या सीमेच्या खाली असेल तर धन स्वसहसंबंध आहे असे म्हणावे, वरच्या सीमेच्या वर असेल तर तसा पुरावा नाही असे म्हणावे, आणि दोहोंमध्ये पडला तर ही सारणी निर्णय देत नाही. १.०५ हा खालच्या सीमेखाली आहे, त्यामुळे निर्णय स्पष्ट आहे. ऋण बाजू तपासायची असेल तर आकडा ४ मधून वजा करून त्याच सीमांशी ताडतात, २.३६ साठी ते १.६४ येते आणि तेही निर्धोक ठरते. म्हणून चुकीच्या क्रमातला आकडा दोन्ही बाजूंनी उत्तीर्ण झाला होता.

पाठ्यपुस्तकांत आढळणारे एक सोपे रूप म्हणजे २ × (१ − र), ज्यात र हा लगतच्या अवशेषांचा सहसंबंध. येथे र ०.३७ आहे, म्हणून या रूपाने १.२७ यायला हवे, आणि १.२७ हा दोन सीमांच्या मधल्या अनिर्णित पट्ट्यात पडतो. खरा आकडा १.०५ आहे. हा फरक टोकांच्या दोन अवशेषांमुळे पडतो: मालिकेतला पहिला आणि शेवटचा अवशेष फरकांच्या बेरजेत एकेकदाच येतो, बाकीचे दोनदोनदा येतात. येथे टोकांचे अवशेष उणे ९ आणि ९, म्हणजे सर्वांत मोठ्यांपैकी आहेत, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १६२ ही ७५४ च्या मानाने दुर्लक्ष करण्याजोगी नाही. शेकडो नोंदी असतील तर सोपे रूप चालते. २१ नोंदींसाठी मूळ सूत्रच वापरावे.

पायथनमध्ये हे काम करायचे तर, तक्ता `d` मध्ये वाचून घेतल्यावर, खरी खबरदारी रेषा बसवण्याच्या आधीच्या ओळीतच घ्यावी लागते:

```python
import statsmodels.api as sm
from statsmodels.stats.stattools import durbin_watson

d = d.sort_values("week")
m = sm.OLS(d["kwh"], sm.add_constant(d["vol"])).fit()
print(durbin_watson(m.resid))
```

`durbin_watson` ला फक्त अवशेषांची यादी मिळते. ती कोणत्या क्रमाने लावली आहे, मधला एखादा आठवडा गळाला आहे का, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. मधल्या नोंदी गाळल्या गेल्या असतील तर तिसऱ्या आठवड्याचा शेजारी सहावा होतो आणि तोही फरक निमूटपणे बेरजेत जातो.

कोसळणाऱ्या कड्यांची किंमत

७९४ ही बेरीज कशी झाली हे सुटे करून पाहण्यासारखे आहे, कारण या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तेथे आहे. पहिल्या चढणीतल्या सहा फरकांचे वर्ग मिळून ६०, दुसरीतले ५९, तिसरीतले ६२, एकूण १८१. उरलेले ६१३ कोठून आले? सातव्या आठवड्यातून आठव्यात जाताना अवशेष ९ वरून उणे ८ वर आला, त्या १७ चा वर्ग २८९. चौदाव्यातून पंधराव्यात जाताना ९ वरून उणे ९, त्या १८ चा वर्ग ३२४. वीस फरकांपैकी दोन फरकांनी बेरजेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापला आहे.

याचा अर्थ असा की अवशेषांतली शिस्त १.०५ या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा कितीतरी घट्ट आहे. चढणींमधल्या अठरा पायऱ्यांचेच फरक मोजले तर भागाकार ०.२४ भरतो. दोन कड्यांनी तो १.०५ पर्यंत उचलला. आणि कडे वारंवार आले असते तर?

समजा गाळणी दर पाच आठवड्यांनी धुतली जाते आणि अवशेष अगदी तंतोतंत −२, −१, ०, १, २ असे चढून पुन्हा −२ वर कोसळतात. एका आवर्तनात वर्गांची बेरीज १०. चढणीचे चार फरक एकेकाचे, त्यांचे वर्ग मिळून ४, कड्याचा फरक ४, त्याचा वर्ग १६, एकूण २०. भागाकार बरोबर २. म्हणजे ज्या मालिकेत योगायोगाला तिळमात्र जागा नाही, जिच्यातला पुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो, तिच्यासाठी आवर्तने भरपूर असताना डर्बिन-वॉटसन ‘सगळे ठीक आहे’ असेच म्हणतो. चारच आवर्तने, म्हणजे २० नोंदी असतील तर आकडा १.६ येतो आणि तोही २० नोंदींच्या १.४१ या वरच्या सीमेच्या वरच राहतो.

यात संख्यामापकाचा दोष नाही. तो फक्त लगतच्या, म्हणजे एका पावलावरच्या संबंधाकडे पाहतो आणि पाच आठवड्यांच्या त्या करवतीत एका पावलावरचा सहसंबंध खरोखरच शून्याकडे जातो. सगळा संबंध पाच पावलांवर असतो. आपल्या सात आठवड्यांच्या मालिकेतही एका पावलावरचा सहसंबंध ०.३७ आहे, तर सात पावलांवरचा ०.६५. २१ नोंदींसाठी साधारण ०.४४ च्या पुढचा सहसंबंध दखल घेण्याजोगा मानतात, म्हणजे सहसंबंधांचा आलेख काढला असता तर एका पावलाचा खांब मर्यादेच्या आत राहिला असता आणि सातव्याचा बाहेर डोकावला असता. जेथे आवर्तनाची शंका असेल तेथे अनेक पावलांची एकत्र तपासणी करणारी ब्रॉश-गॉडफ्री चाचणी लावता येते, पण २१ नोंदींत सात पावले मागायची म्हणजे जवळजवळ हाती काही उरत नाही. इतक्या लहान मालिकेत जोडलेल्या बिंदूंचा आलेखच अधिक कामाचा ठरतो, असे माझे मत आहे. तो आधी काढावा आणि आकडा नंतर पाहावा, कारण समाधानकारक आकडा पाहिल्यावर आलेख काढण्याचा उत्साह सहसा उरत नाही.

नुकसान नेमके कोठे झाले

धन स्वसहसंबंध असला की उताराची प्रमाण त्रुटी फसवी लहान येते, हा इशारा सर्वत्र दिला जातो आणि तो पुष्कळदा खरा असतो. येथे मात्र तो जवळजवळ लागू होत नाही, हे सांगितले पाहिजे. ती फसवणूक होण्यासाठी अवशेषांबरोबरच स्वतंत्र चलही काळाबरोबर सावकाश बदलणारे असावे लागते. या पंपाचे पाणी आठवड्यागणिक वाटेल तसे वरखाली होत होते. त्याचा एका पावलावरचा सहसंबंध उणे ०.०५ आहे. म्हणून ६ हा उतार आणि त्याची ०.२३ ही त्रुटी फारशी बिघडलेली नाही. पाण्याचा वापर ऋतूनुसार हळूहळू चढत-उतरत असता तर हेच प्रकरण फार वेगळे झाले असते.

नुकसान झाले ते अंदाजात. बाविसाव्या आठवड्यात ४० एकक पाणी उपसायचे आहे असे धरू. जुनी रेषा २६० युनिट सांगते, आणि ६.३ च्या विचलनावरून दोन्हीकडे सुमारे १३ युनिटांची सूट ठेवते. गाळणी नुकतीच धुतली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वापर २५१ च्या आसपास होणार हे आलेख पाहणाऱ्याला ठाऊक आहे. तेरा युनिटांच्या सुटीत २५१ बसतो, पण ही सूट अज्ञानाची आहे; जे कळू शकत होते तेही तिच्यात गोंगाट म्हणून टाकले गेले.

याहून वाईट परिणाम अर्धवट दुरुस्तीने झाला असता. डर्बिन-वॉटसन कमी आला की कॉक्रन-ऑर्कट पद्धतीने अवशेषांना लगतच्या संबंधाचे प्रतिमान बसवायचे, म्हणजे मागच्या आठवड्याच्या अवशेषाचा काही हिस्सा पुढच्या अंदाजात मिळवायचा, अशी पुष्कळांची सवय आहे. एकविसाव्या आठवड्याचा अवशेष ९ आहे आणि हिस्सा ०.३७, म्हणून अंदाज २६० वरून सुमारे २६३ वर जातो. वापर खाली कोसळणार असतो, नेमका त्याच आठवड्यात ही दुरुस्ती अंदाज वर ढकलते, आणि हे दर धुण्याच्या वेळी घडेल. आठव्या आणि पंधराव्या आठवड्यातही तसेच झाले असते. अवशेषांत संबंध आहे हे खरे होते, पण तो कसा आहे हे आकड्याने सांगितले नव्हते. आलेखाने सांगितले होते.

गाळणीचे चल घातल्यावर

नोंदवहीवरून एक नवा स्तंभ केला: गाळणी धुतल्यापासूनचा कितवा आठवडा, १ ते ७. तो पाण्याबरोबर रिग्रेशनमध्ये घातल्यावर प्रतिमान असे झाले: वीज = ९.९ + ५.९५ × पाणी + २.९८ × धुतल्यापासूनचा आठवडा. गाळणी तुंबण्याची किंमत दर आठवड्याला जवळपास ३ युनिट, हा आकडा देखभाल करणाऱ्यांना थेट उपयोगी आहे, कारण धुण्याच्या खर्चाशी तो ताडता येतो. पाण्याचा उतार ६ वरून ५.९५ झाला, म्हणजे जवळपास तोच राहिला. वर म्हटल्याप्रमाणे बिघाड तेथे नव्हताच. अवशेषांच्या वर्गांची बेरीज ७५४ वरून ८.३ वर आली आणि विचलन ६.३ वरून ०.६८ वर. इतकी टोकाची घट बांधलेल्या आकड्यांतच दिसते. खऱ्या नोंदींत विचलन निम्म्यावर आले तरी ते मोठे यश असते.

नवे अवशेष पुन्हा आठवड्यांच्या क्रमाने काढून जोडले. चढणी गेल्या, सातव्या आणि चौदाव्या आठवड्यानंतरचे कडेही गेले. आठव्या आठवड्याचा अवशेष ०.५, पंधराव्याचा उणे ०.३, म्हणजे इतरांसारखेच. चल योग्य आहे की नाही हे पारखण्याची खरी जागा ती होती, कारण काळाबरोबर सरळ वाढणारे एखादे चल घातले असते तर हे कडे जागच्या जागी राहिले असते.

डर्बिन-वॉटसन आता २.४४ आला. दोन स्वतंत्र चले आणि २१ नोंदी असताना सीमा १.१३ आणि १.५४ आहेत. धन बाजूला शंका नाही. ऋण बाजूसाठी ४ मधून २.४४ वजा केले की १.५६ उरते, आणि ते १.५४ च्या जेमतेम वर आहे. नियमाने उत्तीर्ण, पण अगदी काठावर. म्हणून आलेख पुन्हा पाहिला. बाराव्या आठवड्यात १.३ आणि लगेच तेराव्यात उणे ०.६ असा एक मोठा उतार त्यात आहे, आणि त्या एका फरकाचा वर्ग एकूण बेरजेचा सहावा हिस्सा आहे. बाकी ठिकाणी एकाआड एक चिन्ह बदलण्याची शिस्त दिसत नाही. त्यावरून मी तो आकडा योगायोगाचा मानतो. तरीही खऱ्या मीटरच्या बाबतीत मी एक गोष्ट विचारली असती, ती म्हणजे नोंद दर आठवड्याला ठरलेल्या वेळी होते का. एका आठवड्याचे वाचन उशिरा झाले की त्या आठवड्यात युनिट वाढतात आणि पुढच्यात तितकेच घटतात, आणि अशा वाचनांनी आकडा २ च्या वर सरकतो.

नव्या प्रतिमानाने बाविसाव्या आठवड्याचा अंदाज, ४० एकक पाण्यासाठी, २५१ युनिट येतो. गाळणी धुणे एक आठवडा पुढे ढकलले असते तर तेच प्रतिमान २७२ सांगते. पण तो धुतल्यापासूनचा आठवा आठवडा ठरला असता, आणि नोंदींत सातव्याच्या पुढचा एकही आठवडा नाही. तुंबणे तेथेही सरळ रेषेतच वाढेल असे धरण्याला या २१ ओळींत आधार नाही. म्हणून अहवालात २५१ लिहिला आणि २७२ गाळला.